बावीस कोटी वेळा बरोबर

चाळीसगाव तालुक्यातल्या एका शाळेत गणिताच्या सरांनी नववीच्या वर्गाचे दोन गट पाडले आणि दोघांना जवळजवळ सारखंच काम दिलं. पहिल्या गटाने कोणतीही नैसर्गिक संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याला ६१ ने गुणायचं, १ मिळवायचा आणि आलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. दुसऱ्या गटाने हेच करायचं, फक्त ६१ च्या जागी ६४ घ्यायचे.

वह्या भरू लागल्या. पहिल्या गटाला १ घेतल्यावर ६२ मिळाले, २ घेतल्यावर २४५, ३ ला ५५०, ४ ला ९७७. यातला एकही पूर्ण वर्ग नाही. ५ ला १५२६ आले. ३९ चा वर्ग १५२१, म्हणजे पाचनेच हुकलं. ६ ला २१९७ आले तेव्हा मागच्या बाकावरून ‘सापडलं!’ अशी आरोळी आली, कारण तेराचा पाढा लावला की ते बरोबर सुटत होतं. पण तो १३ चा घन निघाला, वर्ग नव्हे. दुसऱ्या गटाकडे ६५, २५७, ५७७, १०२५ अशी रांग लागली होती, तीही कोरडीच. तासाच्या शेवटी दोन्ही गटांनी फळ्यावर एकच निष्कर्ष लिहिला: पूर्ण वर्ग कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात पाठपोट लिहिलेल्या एका फुलस्केपच्या झेरॉक्स वाटल्या. सर धुळ्याचे, रोज रेल्वेने ये-जा करणारे. मजकूर बहुधा गाडीतच लिहिला असावा, कारण अक्षर मधूनच हलत होतं. सुरुवात मात्र ठाम होती: ‘काल तुम्ही दोन विधानं केलीत. एक खरं आहे, एक खोटं. दोघांचा पुरावा तुम्ही सारखाच दिलात.’

खोटं होतं ते ६१ चं. वर्गाला हे पटेना, म्हणून सरांनी आधी शेजारच्या संख्या घेतल्या. ६० घेतले तर फार थांबावं लागत नाही: ४ चा वर्ग १६, त्याची ६० पट ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर ८ ला ३९६९ येतात, तो ६३ चा वर्ग. मधल्या ६१ ला मात्र पहिलं यश मिळतं ते २२,६१,५३,९८० या संख्येला. तिचा वर्ग करून ६१ ने गुणून एक मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. त्याच्या आधीच्या २२,६१,५३,९७९ संख्या मुलांच्या बाजूने साक्ष देतात, एकही फुटत नाही. एका पडताळ्याला एक मिनिट धरलं आणि झोप, जेवण, शाळा सगळं सोडलं, तरी तिथवर पोहोचायला जवळजवळ ४३० वर्षं लागतील. आज जो तिथे पोहोचेल, त्याने खानदेशावर फारुकी सुलतानांचं राज्य असताना बसायला सुरुवात केलेली असली पाहिजे. आणि ४२९ व्या वर्षीदेखील त्याचं मत पक्कं असेल, उलट अधिकच पक्कं.

६४ चं विधान खरं आहे आणि ते खरं का, हे सांगायला चार ओळी पुरतात. ६४ हा स्वतःच ८ चा वर्ग. त्यामुळे कोणतीही संख्या घ्या, तिच्या वर्गाची ६४ पट ही तिच्या आठपटीचा वर्ग असते. आता त्या आठपटीच्या पुढच्याच संख्येचा वर्ग करा: तो मागच्या वर्गापेक्षा, घेतलेल्या संख्येच्या सोळापटीने आणि वर आणखी एकने, मोठा असतो. आपण तर फक्त एकच मिळवला. म्हणजे आपलं उत्तर दोन लागोपाठच्या वर्गांच्या मध्ये अडकलं, आणि तिथे तिसरा वर्ग मावत नाही. यात कोणती संख्या घेतली याचा कुठेच संबंध आला नाही, म्हणून हे सगळ्यांना लागू. दुसऱ्या गटाने वहीत १०२५ लिहिले तेव्हा शेजारी ३२ चा वर्ग १०२४ असतो असंही नोंदवलं होतं. कारण डोळ्यांसमोर होतं, पण लक्ष ‘आहे की नाही’ एवढ्यावरच होतं.

६१ सरांनी मनाने निवडले नव्हते. हे कोडं ११५० च्या सुमाराच्या ‘बीजगणित’ ग्रंथात भास्कराचार्यांनी घातलेलं आहे, ६७ च्या बरोबरीने. त्यांचं गाव विज्जलविड नेमकं कुठलं यावर वाद आहेत आणि ते लवकर मिटतील असं दिसत नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे, आणि त्यावर वाद नाही. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, अशी त्यात नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. नवरात्रात पाटणादेवीला जाऊन आलेल्या पोरांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. १६५७ साली फ्रान्समधल्या फर्माने आपल्या समकालीनांना आव्हान म्हणून जे आकडे दिले, त्यांतही हाच ६१ होता. भास्कराचार्यांकडे याचं उत्तर पाच शतकं आधीपासून आहे, याची त्याला कल्पना असल्याचं दिसत नाही.

झेरॉक्स वाचून झाल्यावर खरा आक्षेप आला तो कापूसवाल्या घरातल्या मुलाकडून. व्यापारी गाडीतून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून लांबी बघतो, कवडी आहे का, ओल आहे का ते बघतो आणि अख्ख्या गाडीचा भाव करतो. ते चालतं, मग आमचं का नाही? आक्षेप चांगला होता आणि सरांनी तो टाळला नाही. व्यापाऱ्याला हवं असतं ते ‘बहुतेक’. चार बोंडं खराब निघाली तर भावात थोडं इकडेतिकडे होतं, सौदा खोटा पडत नाही. ‘प्रत्येक’ म्हणणाऱ्याला ही सूट नाही. एक बोंड त्याला बुडवतं. शिवाय गाडीला तळ असतो, मूठ ही गाडीचा काही तरी भाग असते. नैसर्गिक संख्यांना तळ नाही. बावीस कोटी तपासल्या तरी उरलेल्यांच्या हिशेबात तो वाटा शून्यच.

मात्र सरांच्या म्हणण्याचा अर्थ ‘उदाहरणं सोडा’ असा कुणी घेतला तर ते चूक होईल. त्याच आठवड्यात संगणकाच्या खोलीत दोन मुलींनी एक्सेलमध्ये ६१ चा तक्ता लांबवर खेचला आणि ३८०५ या संख्येपाशी ओरडल्या. वर्गमुळाच्या रकान्यात २९७१८.०००० आलं होतं. बावीस कोटींची वाट कशाला बघायची, हे तर चार हजारांच्या आतच मिळालं! सरांनी त्यांना वर्गमुळावर विसंबू नका, उलट गुणून बघा असं सांगितलं. २९७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ भरतो आणि तक्त्यातली संख्या होती ८८,३१,५९,५२६. दोनचा फरक. खरं वर्गमुळ २९७१८.००००३ च्या आसपास होतं. रकाना चारच दशांश स्थळं दाखवत होता. खोटं प्रतिउदाहरण असं येतं. ते ओळखायची रीत एकच: पूर्णांकांत परत गुणून शेवटच्या अंकापर्यंत जुळवायचं.

गंमत अशी की चुकीच्या त्या जोडीतच खरं उत्तर दडलेलं होतं. ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. म्हणजे २९७१८ च्या वर्गाहून बरोबर एकने जास्त. या पटीला अ आणि त्या वर्गाला ब म्हणा. दोघांच्या बेरजेचा वर्ग वजा त्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे दोघांच्या फरकाचा वर्ग, हे नित्यसमीकरण नववीच्या पोरांना पाठ असतं. इथे फरक एक, त्याचा वर्गही एक. आणि गुणाकाराची चौपट उलगडली तर ती कशाची निघते? २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिचा वर्ग करा, ६१ ने गुणा. ती दुप्पट आहे २२,६१,५३,९८०. बेरीज आहे १,७६,६३,१९,०४९. वर्गातल्या कुणीही पाच मिनिटांत कागदावर करावं एवढंच काम. थोडक्यात हुकलेल्या जोड्या जमवायच्या आणि एकीतून दुसरी घडवत न्यायची, हेच ब्रह्मगुप्ताच्या भावनेचं आणि भास्कराचार्यांच्या चक्रवाल रीतीचं मर्म. पहिल्याच दिवशी वहीत पाचने हुकलेले १५२६ हीदेखील त्याच वाटेवरची पायरी: ५ च्या वर्गाची ६१ पट ही ३९ च्या वर्गाहून चारने जास्त आहे, आणि भास्कराचार्यांची आकडेमोड त्या चारपाशी येऊनच पुढे सरकते.

सरांच्या झेरॉक्सवरचं एक वाक्य मात्र जरा जास्तच सैल होतं: ‘उदाहरणं तपासून सार्वत्रिक विधान कधीच सिद्ध होत नाही.’ देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या इथे आडवी येते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं, आणि मध्ये तीन अंक आले तर पुढे शून्य लावून चार केले, की सातव्या पायरीपर्यंत ६१७४ येतातच. सगळे अंक सारखे असलेल्या नऊ संख्या वगळल्या तर चार अंकी संख्या उरतात ८,९९१. त्या सगळ्या तपासल्या तर तीच सिद्धता, कारण तपासायचं मागे काही उरत नाही. म्हणजे ‘कधीच’ हा शब्द अनंत संख्यांपुरता. उलट चक्रवाल रीत ६१, ६७ अशा कितीही उदाहरणांवर चालली, तरी स्वतः वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येला उत्तर असतंच, हे त्यावरून ठरत नव्हतं. त्याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली.

हे सगळं ऐकून घेतल्यावर संगणकाच्या खोलीतल्या त्या दोघींपैकी एकीने विचारलं: बावीस कोटींच्या आत दुसरी जोडी नाही हे तरी कशावरून? तुम्ही सांगता म्हणून? सरांनी तिला दोन वाटा दाखवल्या. एक लाग्रांजची, वितत अपूर्णांकांची, जी सर्वांत लहान उत्तर हेच हे कारणासकट दाखवते आणि जी नववीला झेपणार नाही. दुसरी सरळ मोजणीची. इथली मोजणी संपणारी आहे आणि संगणकाला ती फार जड नाही. अट एवढीच की आज्ञावली पूर्णांकांत चालली पाहिजे, वर्गमुळाच्या दशांशांवर नव्हे. शेवटी शेवटी संख्या एकोणीस अंकी होतात आणि एक्सेल पंधरा अंकांच्या पुढे खरं सांगत नाही. तिने दुसरी वाट घेतली.