बोट आणि मनगट

तपासणीच्या प्रश्नावलीत वीस प्रश्न असतात आणि त्यातला "मूल बोट दाखवतं का?" हा मला सगळ्यात फसवा वाटतो. नाशिकमध्ये इतकी वर्षं लहान मुलांच्या विकासाची तपासणी करूनही तो विचारताना मी सावध असते.

गिरणाऱ्याकडचा २२ महिन्यांचा एक मुलगा आला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांनीच त्याला पाठवलं होतं. सोबत आई आणि आजी. "याचा मामाही उशिराच बोलला," आजी बसता बसता म्हणाल्या. हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यामागची भीतीही ओळखते.

मी आधी आईला बोलू देते. मूल तोवर सतरंजीवर खेळतं, माझं लक्ष तिकडेच असतं. मग प्रश्नावली. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. या मुलाचे दोनच प्रश्न चुकले: हाक मारली की बघत नाही, आणि खोटा-खोटा चहा पिण्यासारखा खेळ खेळत नाही. दोन म्हणजे स्वमग्नतेचा धोका कमी. नियमाप्रमाणे त्याला घरी पाठवता आलं असतं.

पण मी साबणाच्या पाण्याचे फुगे सोडले, बाटलीचं झाकण लावलं आणि थांबले. या वयाचं मूल सहसा बाटलीकडे बघतं, मग माझ्या तोंडाकडे, पुन्हा बाटलीकडे. यानं माझं मनगट धरलं आणि बाटलीवर नेऊन ठेवलं. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"घरी पाणी हवं असलं की कसं दाखवतो?" मी विचारलं. आईनं माझा हात धरून माठाकडे ओढल्यासारखं केलं. "असं दाखवतो."

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. आपल्या भाषेत हेही दाखवणंच. पण हात ओढणं वेगळं आणि "आई, ते बघ, विमान" म्हणून नुसतं बोट करणं वेगळं. दुसऱ्यात मागायचं काहीच नसतं, फक्त आपल्याला दिसलेलं आईलाही दिसावं एवढंच असतं. मागण्यासाठी बोट आणि दाखवण्यासाठी बोट, दोन्ही उत्तरं "नाही" झाली. दोनाचे चार झाले. तीन ते सात गुण आले की चुकलेले प्रश्न उदाहरणं घेऊन पुन्हा विचारायचे. त्यातले दोन जरी टिकले तरी पुढे पाठवायचं. त्याचे चारही टिकले.

"बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतो, कान चांगले आहेत," आई म्हणाली. तरीही बेरा ही श्रवणचाचणी लिहून दिली, कारण कमी ऐकू येणारं मूलही काही आवाजांना वळतं. हे स्वमग्नतेचं निदान नाही, निदानाच्या सविस्तर तपासणीची चिठ्ठी आहे, हे दोघींना दोनदा सांगितलं. त्या तपासणीची तारीख लागेपर्यंत वाट बघायची नव्हती. पाणी देण्याआधी पेला स्वतःच्या तोंडाजवळ धरा, त्यानं वर पाहिलं की लगेच द्या, हे तिथंच करून दाखवलं.

आजींनी पेला मागून घेतला आणि नातवासमोर मांडी घालून बसल्या.