निरोपाची तारीख

जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानात पाणी साचलेले असते. जुनी माणसे म्हणतात, ते पाणी आपल्या घरी येते. एकेकाळी तिथे वरुणतीर्थ तळे होते. दिवाळीनंतर मैदान कोरडे पडते, फुटबॉलचे दिवस जवळ येतात, आणि उभा मारुती चौकातून शाळेकडे येणारी मुले सामन्यांच्या गप्पांत पहिल्या तासाला उशीर करतात. मी राजीनामा लिहायला घेतला तो याच कोरड्या दिवसांत. हा हंगाम मी निवडला नव्हता, तो नियमाने निवडून दिला होता.

खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखाली 1981 ची नियमावली. तिच्या चाळिसाव्या नियमात आमच्या निरोपाचे सगळे गणित आहे. कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. दीर्घ सुट्टीत नोटीस देता येत नाही आणि नोटिशीच्या मुदतीत त्या सुट्टीचा एक दिवसही येता कामा नये. पहिले सत्र सुरू झाल्यावर पहिला महिनाभरही नोटीस देता येत नाही. हे सारे 2025 च्या कॅलेंडरवर मांडून पाहिले. शाळा 16 जूनला उघडली, म्हणजे मध्य जुलैपर्यंत दार बंद. तिथून तीन महिने मोजले की मध्य ऑक्टोबर येतो, आणि तिथे दिवाळीची सुट्टी उभीच असते. पहिल्या सत्रात कायम शिक्षकाला जायला जवळजवळ फटच उरत नाही. दिवाळीनंतर मात्र उन्हाळी सुट्टीपर्यंत मोकळी जागा आहे, आणि नेमकी तीच दहावीच्या मुलांची सर्वांत नाजूक जागा.

हा नियम मला जाचक वाटला नाही. शिक्षक अचानक निघून गेला तर भार कुणावर पडतो, हे तो लिहिणाऱ्याला ठाऊक होते. नोटीस कमी पडली तर तेवढ्या दिवसांचा पगार भरून शिक्षकाला जाता येते. पण संस्थेने नोटीसही नाही आणि पैसेही नाहीत अशा स्थितीत त्याला सोडले, तर ती रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. माझ्या घाईची किंमत खडू, फळा आणि प्रयोगशाळेच्या वाट्याला यावी, ही कल्पनाच मला सहन होईना.

आईला सोलापुरात एकटे ठेवणे आता शक्य नव्हते. तारीख ठरवायला बसले. 17 नोव्हेंबरला नोटीस दिली तर तीन महिने 16 फेब्रुवारीला संपतात. दहावीची प्रात्यक्षिके 2 ते 18 फेब्रुवारी आणि लेखी परीक्षा 20 फेब्रुवारीपासून. कायद्याने मी मोकळी होणार होते ती प्रात्यक्षिके चालू असतानाच. म्हणून मुदतीच्या पुढची, 28 फेब्रुवारी ही तारीख मी स्वतःहून मागितली. नोटीस तीन महिन्यांहून कमी नको, जास्त चालते.

राजीनामा खरा कुठे द्यायचा, हे अनेक शिक्षकांना माहीत नसते. कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेच्या व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. म्हणजे मुख्याध्यापिकेला पाठवलेला ईमेल हा त्या कायद्यातला राजीनामा नव्हे. आता रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे खिडकीवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घेतली. राजीनाम्याचा कागद चार ओळींचा होता आणि त्यात मुले नव्हती. मुले ईमेलमध्ये होती.

विषयाच्या ओळीत लिहिले : राजीनाम्याची नोटीस आणि दहावी विज्ञानाचे हस्तांतरण. पहिला परिच्छेद असा :

‘आदरणीय मॅडम, आईच्या आजारपणामुळे मला सोलापूरला राहणे आवश्यक आहे. संस्थेकडे आज राजीनामा पाठवला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. 28 फेब्रुवारी 2026 रोजी शाळा सुटल्यावर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती.’

कारण एका ओळीत संपवले. आईबद्दल पुष्कळ लिहिता आले असते, आणि हात तिकडे ओढतही होता. पण हे पत्र संस्थेच्या फाइलला लागणार होते. मॅडमना पहिल्या वाचनात तारीख दिसायला हवी होती, कारण तिच्यावरूनच त्या पुढच्या शिक्षिकेची सोय लावणार.

सर्वांत जास्त वेळ गेला तो हस्तांतरणावर. अभ्यासक्रम कुठवर आला हे लिहिणे सोपे. टाचणवही उघडली की ते दिसते. पण कोणता धडा शिकवून झाला आणि कोणता मुलांना समजला, यांत अंतर असते. ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ झाला आहे, पण किरणाकृती काढताना अर्धा वर्ग नाभी चुकीच्या बाजूला घेतो, असे मी लिहिले. घटक चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांत ते जिथे दिसते, तो गठ्ठा कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे तेही लिहिले. नव्या बाईंना पहिल्याच आठवड्यात कुठे थांबायचे, हे त्यावरून कळेल.

काही गोष्टी मात्र ईमेलमध्ये घातल्या नाहीत. खिडकीजवळच्या मुलाला फळा दिसत नाही आणि चष्म्याचा खर्च घरी सांगायला तो कचरतो. एक मुलगी पहाटे घरकाम उरकून येते, तिला पहिल्या तासाला प्रश्न विचारू नये. ईमेल पुढे कुणाकडे जाईल सांगता येत नाही, आणि मुलांच्या घरच्या गोष्टी फाइलला लावायच्या नसतात. त्या नव्या बाईंना समोर बसून सांगायच्या ठरवल्या. ईमेलमध्ये एवढेच लिहिले, ‘काही विद्यार्थ्यांविषयी प्रत्यक्ष बोलणे आवश्यक आहे, त्यासाठी वेळ मिळावा.’ पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचेही तसेच. ती जोडली नाही. बंद पाकिटात हाती देईन, असे कळवले.

परीक्षेचा परिच्छेद कोरडा आहे, आणि तो तसाच असायला हवा होता. विज्ञानाचे दोन्ही भाग प्रत्येकी चाळीस गुणांचे लेखी. उरलेल्या वीस गुणांसाठी मुलाने टेबलाशी उभे राहून प्रयोग करायचा. त्याची प्रयोगवही तपासलेली आणि सही केलेली लागते. सही वर्षभर शिकवणाऱ्याची असावी, असे मला वाटते. अनोळखी हाताने फेब्रुवारीत एकदम सगळ्या वह्यांवर सह्या केल्या तर त्या वह्यांत कुणी खरोखर डोकावलेले नसते. कोणाचे कोणते प्रयोग राहिले आहेत त्याची यादी जोडली, ते जानेवारीअखेर पूर्ण करून घेईन असे लिहिले, आणि अंतर्गत गुणांची नोंद माझ्या सहीने झाल्यावरच जाईन असेही. मार्चमध्ये मी नसेन, तेव्हा पर्यवेक्षणाच्या यादीत माझे नाव धरू नये. मंडळाकडे परीक्षकांसाठी शाळेमार्फत माझी माहिती जाते, तीही कळवून बदलावी, नाहीतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला माणूसच नाही अशी वेळ येते.

पाठवण्याआधी ईमेल मोठ्याने वाचला. ‘मुलांना माझ्याविना अवघड जाईल’ असे एक वाक्य होते, ते काढले. त्या वाक्याने मुलांचे काहीच सोपे होणार नव्हते.

मॅडमचे उत्तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आले. संस्थेच्या सचिवांशी बोलणे झाले आहे, पत्र पोचल्यावर सभेपुढे ठेवतील. ‘प्रयोगवह्यांची यादी पाहिली. नव्या बाई जानेवारीपासून येतील, महिनाभर तुमच्या तासाला मागे बसतील. भिंगांचा धडा त्यांच्यासमोर पुन्हा एकदा घ्याल का?’

मी लगेच होय कळवले आणि वेळापत्रकात त्यासाठी लागोपाठचे दोन तास मागून घेतले, म्हणजे किरणाकृती मुलांच्याच हातून फळ्यावर काढून घेता येतील.