अक्कांची उचल

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या अक्का कण्णगी नगरहून अड्यारला येतात. त्या मला अम्मा म्हणतात, मी त्यांना अक्का. वयाने मोठं कोण हे आम्ही कधी विचारलेलं नाही. जानेवारीत नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी 18,000 रुपये आगाऊ घेतले. ते पगारातून कसे वळते होतील हे मी त्यांना तमिळमध्ये लिहून द्यायचं ठरवलं, कारण तोंडी हिशेबात शेवटी मालकिणीचीच आठवण खरी धरली जाते.

पगारातून कापण्याला इथे ‘पिडित्तम’ म्हणतात आणि उरलेल्या देण्याला ‘पाक्की’. ही आपलीच बाकी. पण मी बीडची, त्यामुळे आगाऊ रकमेसाठी माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘उचल’. ऊसतोडीला जाणारं जोडपं हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतं आणि तोडलेल्या टनांवर ती फेडतं. आजारपणात खाडा झाला की तोही त्यांच्याच नावावर चढतो. हंगाम संपताना बाकी उरली, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. म्हणजे उचल पैशांनी फिटत नसेल, तर ती माणसाला धरून ठेवते. चार खोल्यांच्या घरातही हे होऊ शकतं, फक्त तिथे कोयता दिसत नाही.

अक्कांचं म्हणणं होतं, महिन्याला 3,000 कापा, सहा महिन्यांत मोकळं होऊ. ऐकायला बरं वाटलं. आमच्याकडे त्यांना 9,000 मिळतात, दुसऱ्या एका घरचे 4,000. त्यातून भाडं 5,000, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता 2,400 आणि चीट्टूचे, म्हणजे आपल्या भिशीचे, 1,000 जातात. उरतात 4,600. रेशनचा तांदूळ तमिळनाडूत फुकट मिळतो, पण डाळ, तेल, गॅस, औषधं विकतच. 3,000 कापले तर हातात 1,600 उरणार. मग पंधरा तारखेच्या सुमाराला ‘अम्मा, पाचशे मिळतील का’ असं विचारणं आलं. हप्ता जास्त लावला आहे याची ही पहिली खूण. ते पाचशे पुन्हा उचलीत चढतात आणि बाकी जिथल्या तिथे राहते. किंवा त्या आमच्याकडे मागतच नाहीत, शंभराला महिना दहा व्याजाने बाहेरून घेतात. ते तर आपल्याला दिसतही नाही. म्हणून 1,500 ठरले. बारा हप्ते.

कागदावर लिहिलं ते साधारण असं:

‘अक्का, तुम्हाला जानेवारीत 18,000 रुपये दिले. त्यावर व्याज नाही. फेब्रुवारीच्या पगारापासून दरमहा 1,500 कापले जातील, हातात 7,500 मिळतील. जूनमध्ये शाळा उघडतात, त्या महिन्यात काही कापणार नाही. म्हणून शेवटचा हप्ता पुढच्या फेब्रुवारीच्या पगारातून जाईल. आजारपणामुळे चार दिवसांपेक्षा जास्त सुट्टी झाली, तर त्या महिन्याचा हप्ता पुढे जाईल. दिवाळीचा बोनस वेगळा, त्यातून काही कापणार नाही. तुम्हाला काम सोडायचं असेल, तर बाकी असली तरी सोडता येईल. झालेल्या दिवसांचा पगार अडवणार नाही. बाकी कशी द्यायची ते तेव्हा बोलू.’

शेवटच्या कलमावरून घरात वाद झाला. ‘मग पैसे बुडाले समजायचे का?’ असं यजमान म्हणाले. बुडूही शकतात. पण ‘फिटेपर्यंत सोडायचं नाही’ असं लिहिणं म्हणजे नेमकं काय, हे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने सांगून ठेवलं आहे: आगाऊ रकमेपोटी माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं, तर ती वेठबिगारी, आणि असा करार तोंडी असला तरी तो त्यात येतो. कापायचं किती, याबाबत मात्र घरकामाला फारसा आधार नाही. 1936 चा वेतन कायदा कारखान्यांसारख्या ठिकाणांसाठी होता. त्यात सगळ्या कपाती मिळून साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाता येत नसे. घरकाम त्याच्या बाहेर. आणि खरं सांगायचं तर निम्म्याची मर्यादा अक्कांच्या उपयोगाचीही नव्हती; त्यांचे 3,000 तिच्या आतच बसत होते.

अक्कांनी कागद सावकाश वाचला. बोनसच्या ओळीवर बोट ठेवून ‘हे नक्की ना?’ एवढंच विचारलं. काम सोडण्याच्या ओळीवर काही बोलल्या नाहीत. कागदाच्या दोन प्रती केल्या, खाली तक्ता आखला: महिना, कापलेले, पाक्की, दोघींच्या सह्या. त्यांची प्रत रेशन कार्डाच्या प्लास्टिकमध्ये असते. पाच तारखेला त्या ती काढतात आणि आधी माझ्या प्रतीवरची पाक्की वाचून घेतात, मग सही करतात. जूनच्या रकान्यात त्यांनी स्वतःच आडवी रेघ मारली. जुलैअखेर पाक्की 10,500.