चेंडू जमिनीवर बसतो कसा?

अ‍ॅनिमेशनच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी उसळत्या चेंडूचं एक पान केलं होतं. पाठपोट, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला चालेल असं. नव्या बॅचसाठी ते कॉलेजकडून छापून आलं तेव्हा त्याची सहा पानं झाली होती आणि टायमिंग चार्ट गायब होता. त्याच्या जागी एकाच सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, लाल बाणांसकट. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, चार्ट आता कोण काढतं? मुलांना टूल यायला हवं." हे वाक्य अजूनही मला टोचतं.

चार्ट म्हणजे कागदाच्या कडेला ओढलेली एक उभी रेघ. वरच्या टोकाला चेंडू सर्वात उंच असतानाचं चित्र, खालच्या टोकाला जमिनीला टेकलेलं. ही दोन की चित्रं, त्यांच्या आकड्यांना गोल. मधल्या चित्रांसाठी आडव्या खुणा. सेकंदाला 24 फ्रेम, आणि एकेक चित्र दोन फ्रेम राहणार, म्हणून चित्रांचे क्रमांक 1, 3, 5, 7, 9. उंची 16 सेंटिमीटर धरा. 7 ची खूण बरोबर मध्यावर, 8 सेंटिमीटर खाली. 5 ची त्या अर्ध्याच्या अर्ध्यावर, म्हणजे 4 वर, आणि 3 ची 2 वर. वर खुणांची गर्दी, खाली मोकळं, आणि शेवटची झेप अख्खी 8 सेंटिमीटरची. खरं म्हणजे पडणारी वस्तू याच वेळांना 1, 4, 9 आणि 16 सेंटिमीटरवर असते. आपले आकडे 2, 4, 8, 16. फरक आहे, पण डोळ्याला तो जाणवत नाही, आणि अर्धं करायला पट्टी लागत नाही.

स्क्रीनशॉटवाल्या मुलांनी वर एक की दिली, खाली एक की दिली आणि मधलं काम संगणकावर सोडलं. लॅबमध्ये फिरले तर एकामागून एक चेंडू जमिनीजवळ येताना वेग कमी करत होते, कापसावर उतरल्यासारखे. पत्रकात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं, म्हणून काय बिघडलंय ते कुणालाच सांगता येईना. बरीच सॉफ्टवेअर दोन कीमधली हालचाल दोन्ही टोकांना हळू करतात. ब्लेंडरमध्येही न सांगता तसंच होतं. वरच्या टोकाला ते हवंच, पण जमिनीवर नको. चेंडू सर्वात वेगात असतो तो टेकतानाच, आणि तसाच वेगात वळून वर निघतो. ग्राफ एडिटरमध्ये रेघेला खाली गोल बूड दिसलं की चेंडू तरंगणार. तिथे टोकदार V हवा. ब्लेंडरमध्ये त्या कीचं हँडल `Vector` करायचं. ओनियन स्किन लावूनही कळतं: जमिनीजवळ चेंडूंची दाटी झाली असेल तर चुकलंच.

दुसरी गडबड उड्यांची. उडी लहान केली, फ्रेम तेवढ्याच ठेवल्या. पहिल्यांदा 16 सेंटिमीटर खाली यायला 8 फ्रेम लागल्या, तर 9 सेंटिमीटरच्या उडीला वर जायला 6 आणि खाली यायला 6 द्यायच्या. 4 सेंटिमीटरच्या उडीला चार-चार. उंची वर्गाने घटते, वेळ साध्या हिशेबाने. हे दहावीच्या विज्ञानात असतं, पण चित्रकलेकडे आलेली मुलं ते तिथेच ठेवून येतात.

मग एका मुलीने माझीच पंचाईत केली. तिने चार्ट काढलाच नाही. ग्राफमध्ये हँडल ओढत बसली, आणि तिचा चेंडू छान पडला. म्हणाली, "मॅम, तुमच्या खुणा आणि माझा वक्र एकच आहे ना?" एकच आहे. उलट तिचा वक्र 1, 4, 9, 16 ला माझ्या अर्ध्या-अर्ध्यापेक्षा जवळ होता. मग मी एवढी का भांडले? ओपनटून्झ किंवा क्रिटामध्ये एकेक चित्र हाताने काढायचं तर वक्र मदतीला येत नाही, तिथे चार्टच लागतो, हे मी तिला सांगितलं. पण त्यात माझा हट्टही होता. स्क्रीनशॉटवरचा राग मात्र काही कमी झालेला नाही. मेनू बदलला की ते बाण भलतीकडे रोखलेले राहतात.

तिनेच पुढे विचारलं, "लोखंडी गोळा असेल तर चार्ट बदलेल?" अर्धा वर्ग ओरडला, हो, तो लवकर पडणार. मी म्हटलं, पहिल्या पडण्याच्या खुणा तशाच ठेवा. गोळा आणि चेंडू एकाच उंचीवरून सोडले तर बरोबरच टेकतात. जडपणा दिसतो तो टेकल्यानंतर: गोळा जेमतेम उचलला जातो, दोन फ्रेममध्ये परत खाली, आणि संपलं. पिंगपाँगचा चेंडू मात्र उड्या मारतच राहतो. मुलांना ते पटलं नाही. मागच्या बाकावरचा एकजण खिशातली नाणी बाहेर काढून खाली टाकू लागला.