मथळ्यातले गाळलेले शब्द

वृत्तपत्राचा मथळा ही मराठीची एक स्वतंत्र बोलीच म्हणावी लागेल. या बोलीत 'आहे' नाही, 'झाला' नाही, बहुधा कर्ताही नाही. रकान्याची रुंदी ठरलेली आणि अक्षरे मोठी, म्हणून ज्या शब्दांवाचून वाचकाचे अडणार नाही असे वाटते, ते शब्द उपसंपादक गाळतो. पुष्कळदा अडत नाहीच. परंतु काही वेळा नेमका तोच शब्द गळालेला असतो, ज्यावर सारा अर्थ तोललेला असतो.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत वावरताना मला हा अनुभव वारंवार आला. धर्मग्रामातील मुलांना मी कधीकधी एक स्वाध्याय देतो: मथळा घ्या आणि त्याचे पूर्ण, स्वच्छ मराठी वाक्य लिहा. येथे दिलेले मथळे व त्यांतील धरणाचे आणि रुपयांचे आकडे मी नमुन्यादाखल रचले आहेत. पण त्यांची घडण रोजच्या वृत्तपत्रांतलीच आहे.

प्रथम एक सोपा मथळा पाहू. 'लाच घेताना तलाठ्याला अटक.' यात क्रियापद नाही आणि अटक कोणी केली तेही नाही. तरीही आपण सहज लिहितो: 'लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एका तलाठ्याला, तो लाच घेत असताना, अटक केली.' हे कशामुळे साधते? 'तलाठ्याला' या शब्दातील 'ला' मुळे. क्रियापद गेले तरी प्रत्यय मागे राहतो आणि कोणाच्या बाबतीत काय घडले हे सांगतो. सेमिनरीत लॅटिन शिकताना आम्हांला हीच सवय लावली गेली होती. त्या भाषेतही 'आहे' या अर्थाचे क्रियापद वरचेवर गाळतात. तेव्हा आमचे गुरुजी म्हणत, "आधी शब्दाचे शेपूट पाहा, मग अर्थ शोधा." मराठी मथळ्यालाही हा नियम लागू पडतो. 'ने', 'ला', 'कडून', 'तून' ही शेपटे विश्वासू आहेत. दोन मात्र तशी नाहीत: एक 'चा-ची-चे' आणि दुसरे 'वर'.

'ची' चे उदाहरण आपल्या ऊसपट्ट्यातलेच घेऊ. 'कारखान्याची १२ कोटींची थकबाकी.' हे पैसे कारखान्याने कोणाला द्यायचे आहेत, की कारखान्याला कोणाकडून यायचे आहेत? व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य आहेत. पहिला अर्थ घेतला तरी प्रश्न उरतोच: हे देणे बँकेचे, की ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यांचे? शेतकऱ्यांचे असेल तर बातमीचे स्वरूपच पालटते, कारण १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागू होते. म्हणून पूर्ण वाक्य असे हवे: 'कारखान्याने शेतकऱ्यांना उसाच्या बिलापोटी देणे असलेले १२ कोटी रुपये मुदत उलटूनही दिलेले नाहीत.' 'कारखान्याची' या एका शब्दातून हे वाक्य निघत नाही. ते मथळ्याखालची बातमी वाचूनच लिहिता येते.

'वर' चे प्रकरण याहूनही नाजूक आहे, कारण त्यावर माणसांचे घरदार अवलंबून असते. एका पावसाळ्यात सांगलीच्या नदीकाठी राहणाऱ्या एका आजींनी मला दूरध्वनी केला. "फादर, पेपरात आलंय, 'कोयनेचे दरवाजे दोन फुटांवर'. सामान माळ्यावर चढवू का?" घरात त्या एकट्या आणि धान्याची पोती दोन. विचारायला वाव होता, कारण त्या चार शब्दांचे दोन उलट अर्थ होतात. दरवाजे काल बंद असतील आणि आज दोन फुटांपर्यंत उचलले असतील, तर नदीत येणारे पाणी वाढणार. काल ते चार फूट उघडे असतील आणि आज दोन फुटांपर्यंत खाली आणले असतील, तर पाणी कमी होणार. 'उचलले' की 'खाली आणले' हे सांगणारे क्रियापदच गाळलेले होते आणि 'वर' हा प्रत्यय दिशा सांगत नाही, केवळ मुक्काम सांगतो.

मी त्यांना खालची बातमी वाचून दाखवण्यास सांगितले. तीत आदल्या दिवशीचा विसर्ग अधिक होता. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून वाक्य तयार केले: 'कोयना धरणाचे सहाही वक्राकार दरवाजे काल चार फूट उघडे होते; ते आज सकाळी दोन फुटांपर्यंत खाली आणले, त्यामुळे नदीत सोडले जाणारे पाणी कमी झाले.' तरीही सामानाचा निर्णय आम्ही या वाक्यावर सोडला नाही. दरवाजा किती फूट उघडा आहे यावरून पाण्याचे मोजमाप होत नाही. धरण जितके भरलेले, तितके त्याच उंचीच्या फटीतून अधिक पाणी येते. म्हणून फुटांऐवजी क्युसेकचा आकडा पाहावा, म्हणजे एका सेकंदाला किती घनफूट पाणी बाहेर पडते ते पाहावे. शिवाय कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळाल्यानंतर वारणेसारख्या नद्यांचे पाणीही सांगलीकडे येते.

सांगलीकरांसाठी खरे मोजमाप आयर्विन पुलाजवळचे. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही पलीकडे गेले होते. आता 'कृष्णा ४० फुटांवर' हा मथळा वाचा. बरोबर ४० फूट, की ४० पेक्षा अधिक? चढते आहे, की उतरते आहे? पूर्ण वाक्यात चार गोष्टी हव्यात: ठिकाण, वेळ, आकडा आणि कल. 'आयर्विन पुलाजवळ आज सकाळी आठ वाजता कृष्णेची पातळी ४० फूट होती व ती चढत होती.' यांतील एक जरी गोष्ट बातमीत सापडली नाही, तरी ती मनाने भरू नये, विचारून घ्यावी. आजींनीही शेजाऱ्यांकडून पुलाजवळची पातळी उतरत असल्याची खात्री करून घेतली, तेव्हाच पोती जागची हलवायची नाहीत असे ठरले.

शेवटी स्वल्पविरामाविषयी. मथळ्यात तो 'आणि' च्या जागी येतो व 'त्यामुळे' च्याही जागी येतो. 'अलमट्टीतील साठा वाढला, सांगलीत पूर.' वाचणारा नकळत 'त्यामुळे' घालतो आणि दोष कर्नाटकातील धरणाला जातो. २०१९ च्या पुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात त्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नाही, अतिवृष्टीकडे बोट दाखवले. वाद त्यानंतरही शमला नाही आणि तो तज्ज्ञांनी सोडवावा. परंतु मथळ्याने मात्र दोन घटना शेजारी ठेवण्यापलीकडे काहीही सिद्ध केलेले नसते. म्हणून वाक्य लिहिताना 'त्यामुळे' हा शब्द आपल्या लेखणीतून उतरला, की तो बातमीत खरोखर कोठे आहे ते बोट ठेवून दाखवा, असे मी मुलांना सांगतो. दाखवता आला नाही, तर तेथे 'आणि' लिहावे.