पंधराव्या वर्षाला आलेले उत्तर

‘तेगामी – हाईकेई जूगो नो किमी ए’ हे जपानी गायिका-संगीतकार अँजेला आकी हिचे 2008 सालचे गाणे म्हणजे दोन पत्रे आहेत. पहिले पत्र पंधरा वर्षांच्या मुलाने मोठेपणीच्या स्वतःला लिहिलेले, दुसरे मोठ्या माणसाने त्या मुलाला दिलेले उत्तर. ‘पत्र : पंधरा वर्षांच्या तुला’ असा नावाचा साधारण अर्थ. गाण्यात परीक्षा हा शब्द कुठेच येत नाही. तरी जपानमध्ये पंधरावे वर्ष म्हटले की पहिली मोठी परीक्षा समोर उभी राहते, आणि गाण्यातल्या मुलाची घालमेल ऐकणाऱ्याला लगेच ओळखीची वाटते.

गाण्याचा उगम एका खऱ्या पत्रात आहे. अँजेलाचा जन्म 1977 मध्ये झाला. वडील जपानी, आई अमेरिकन. बालपण तोकुशिमा प्रांतात गेले आणि पंधराव्या वर्षी ती हवाईला राहायला गेली. किशोरवयात तिने भविष्यातल्या स्वतःला उद्देशून एक पत्र लिहिले होते. आईने ते जपून ठेवले आणि मुलीच्या तिसाव्या वाढदिवसाला तिच्याकडे पाठवले. त्या वयातली दुःखे पुन्हा वाचताना, पत्र लिहिणाऱ्या त्या मुलीला आता काही सांगता आले असते तर काय सांगितले असते, या विचारातून गाणे घडले.

जपानमध्ये सक्तीचे शिक्षण नऊ वर्षांचे असते. नववीच्या शेवटी, चौदा-पंधराव्या वर्षी, पुढच्या तीन वर्षांच्या शाळेसाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सरकारी शाळांच्या परीक्षेत सर्वसाधारणपणे जपानी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि इंग्रजी असे पाच विषय असतात आणि ती हिवाळा सरता सरता होते. जवळजवळ सगळीच मुले पुढे शिकतात, म्हणून प्रश्न शिक्षण मिळेल की नाही हा नसतो. कोणती शाळा मिळेल, आणि लहानपणापासून सोबत असलेल्यांपैकी कोण कुठे जाईल, हा असतो. महाराष्ट्रात दहावीच्या वर्षी घराघरांत जो ताण असतो, त्याच्या जवळचा हा ताण आहे. फरक इतकाच, की दहावीची परीक्षा एक टप्पा संपल्याची असते, तर तिथली परीक्षा पुढच्या दारावरची.

गाण्याची बांधणी साधी आहे. पहिल्या भागात मूल पत्राच्या औपचारिक मायन्याने सुरुवात करते. वाचणारी व्यक्ती आता कुठे आहे आणि काय करते आहे, असे विचारते. कोणालाच सांगता न येणारी काळजी आपल्याला आहे, आणि भविष्यातल्या स्वतःपाशी ती मोकळेपणाने बोलता येईल, हे लिहिण्याचे कारण ते देते. मग ध्रुपदात त्याचा आवाज चढतो. हरायला आलो आहे, रडू येते आहे, अशा वेळी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा त्याचा प्रश्न असतो. दुसऱ्या भागात तोच मायना मोठ्याच्या तोंडी येतो. ध्रुपदाची चाल तीच राहते, पण जिथे प्रश्न होता तिथे आता उत्तर असते: स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवून चालत राहा. श्रोत्याच्या कानात प्रश्नाची चाल आधीच बसलेली असल्यामुळे उत्तर त्या जागेत अलगद उतरते.

उत्तरात काय नाही, हेही तितकेच ऐकण्यासारखे आहे. मोठ्या माणसाला सगळा निकाल ठाऊक आहे. हवी ती शाळा मिळाली का, स्वप्न पुरे झाले का, हे तो एका ओळीत सांगू शकला असता. तो ते सांगत नाही. उलट, आपल्यालाही दुखावले जाण्याचे प्रसंग येतात, अजूनही झोप न येणाऱ्या रात्री येतात, असे तो मान्य करतो. अशा प्रकारच्या गाण्यातला मोठा धोका त्यामुळे टळतो. यशस्वी माणसाने मागे वळून ‘घाबरू नकोस, सगळे छान होते’ असे सांगितले, तर ते आश्वासन त्याच्यापुरतेच खरे असते. ज्याला हवी ती शाळा मिळणार नाही, त्याच्यासाठी ते खोटे ठरते. या गाण्यातले सांत्वन निकालावर टेकलेले नाही, म्हणून दोन्ही मुलांना ते सारखेच लागू पडते.

स्वतःलाच ‘तू’ म्हणण्याची रीत मराठीला नवी नाही. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ सबंध मनाला उद्देशूनच आहेत. पण तिथे सांगणारा आणि ऐकणारा एकाच क्षणात असतात आणि सांगणाऱ्याचा अधिकार विवेकाचा असतो. ‘तेगामी’त दोघांच्या मध्ये वर्षे आहेत. मोठ्याचा अधिकार एवढाच, की तो त्या वयातून गेला आहे. शेवटी पुन्हा मायना येतो आणि पत्र वाचणाऱ्याच्या सुखाची कामना केली जाते. ही कामना मुलाने मोठ्यासाठी केली की मोठ्याने मुलासाठी, हे मुद्दाम मोकळे ठेवले आहे. दोन्ही पत्रे तिथे एक होतात.

अँजेला पियानोपाशी बसून एकटी गाते तेव्हा दोन्ही भाग एका प्रौढ कंठातून येतात, आणि ऐकणाऱ्याला ती मागे पाहते आहे असे जाणवते. हे गाणे मात्र समूहगानासाठीही होते. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या देशव्यापी शालेय समूहगान स्पर्धेत 2008 साली सातवी ते नववीच्या गटासाठी ते नेमलेले गीत होते. या स्पर्धेत प्रत्येक शाळा एक नेमलेले आणि एक स्वतः निवडलेले गीत गाते. प्रांतिक आणि विभागीय फेऱ्या पार करून निवडक शाळा तोक्योच्या एनएचके सभागृहात पोहोचतात. मिश्र गायनवृंदात मुलींचे दोन आवाज आणि मुलांचा एक, असे तीन थर असतात. या वयात मुलांचा आवाज फुटत असतो, त्यामुळे त्यांच्या थराला फार खाली किंवा फार वर जाता येत नाही. म्हणजे पंधरा वर्षांची बेचैनी गाणारा कंठ स्वतःही त्याच वयाच्या उंबऱ्यावर असतो.

वृंदगानात गाण्याचा अर्थ एका ठिकाणी बदलतो. मोठ्या माणसाचे उत्तरही आता पंधरा वर्षांची मुलेच गातात. ज्याला उत्तर हवे आहे त्यालाच ते मोठ्याने म्हणावे लागते, आणि तेही शेजारी उभ्या असलेल्या मित्रमैत्रिणींसह. स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवण्याचा सल्ला स्वतःच्याच आवाजात बाहेर पडतो. एरवी वडीलधाऱ्यांकडून शंभरदा ऐकलेले वाक्य इथे मुलाला परके वाटत नाही, ते यामुळे.

स्पर्धेनंतरही गाणे टिकले, याला शाळेचे वेळापत्रकही कारण आहे. स्पर्धेची अंतिम फेरी ऑक्टोबरात होते. त्या सुमाराला नववीची मुले शाळेतल्या मंडळांतून बाहेर पडून अभ्यासाला लागतात. मार्चमध्ये निरोप समारंभ असतो आणि तिथे हे गाणे अनेक शाळांनी आपलेसे केले. ओसाकासारख्या काही प्रांतांत परीक्षा समारंभाच्या आधी होते, पण निकाल समारंभानंतर लागतो. तिथली मुले हे गाणे गातात तेव्हा पेपर देऊन झालेले असतात आणि पुढची शाळा अजून ठरलेली नसते. निकालाबद्दल मौन पाळणारे उत्तर त्या दिवशी नेमके त्यांच्या स्थितीला जुळते. समारंभात बसलेले पालक आणि शिक्षक तेच शब्द उत्तर देणाऱ्याच्या बाजूने ऐकतात, आणि आपण आपल्या पंधराव्या वर्षाला काय सांगितले असते, हा प्रश्न त्यांच्याही वाट्याला येतो.