आतला रंग वाढतो तेव्हा

पुण्यात पार्लर सुरू करून मला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सहकारी बँकेत काउंटरवर बसणारी एक मुलगी आली. केस पाठीपर्यंत, दाट आणि काळेभोर. तिला निळा रंग हवा होता, पण साहेबांना दिसायला नको होता. "ताई, आतून करा. मी मोकळे सोडले तरच दिसू दे," ती म्हणाली. पीकाबू म्हणतात तो हाच प्रकार. वरचे केस तसेच ठेवायचे आणि खालच्या थराला रंग द्यायचा.

मी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून आडवा भांग पाडला, वरचे केस क्लिपने बांधले आणि खालचे सगळे केस मानेच्या कडेपर्यंत ब्लीच केले. ती कामावर केस कसे बांधते, हे मात्र मी विचारलं नाही. ती अंबाडा घालत असे. अंबाड्यात मानेवरचे केस वर ओढले जातात आणि खालचा थर बाहेर येतो. मोकळ्या केसांत बराचसा झाकलेला रंग तिथे सगळ्यात आधी दिसतो. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मानेच्या आणि कानामागच्या कडेला दीड-दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी काळीच ठेवली असती, तर वर ओढलेल्या त्या काळ्या केसांनी निळा झाकला असता. पुढे कितीतरी दिवस तिला मानेशी सैल वेणी घालून जावं लागलं.

दुसरी चूक छटेची. काळ्या केसांवर निळा उमटायला केस फिकट पिवळे होईपर्यंत ब्लीच करावे लागतात. काळा केस उतरताना आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा. तिच्यासारख्या केसांना एवढं उतरवणं म्हणजे केस बराच कोरडा करणं. शिवाय हा निळा टिकणारा नसतो. प्रत्येक धुण्यात थोडा जातो आणि खालचा पिवळा वर येऊ लागतो. पिवळ्यावर विरळ निळा म्हणजे हिरवट. हे मला माहीत होतं, तरी मी तिला सांगितलं नाही, कारण समोर बसून ती इतकी खुश होती. बरगंडी सुचवायला हवा होता. त्याला केस लालसर-नारिंगीपर्यंत उतरले तरी पुरतात आणि फिका होताना तो तांबूस होतो. काळ्यांत मिसळलेला तांबूस कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

महिन्या-दीड महिन्यात ती परत आली. निळ्याचं शेवाळी झालं होतं. "ताई, काळं करून टाका," ती म्हणाली आणि मी ऐकलं. तिसरी आणि सगळ्यात महागात पडलेली चूक ती. ब्लीच केलेल्या केसात लाल-तांबूस रंगद्रव्य उरलेलं नसतं. अशा केसावर थेट काळा लावला तर तो निस्तेज, राखाडी-हिरवट दिसतो आणि पोकळ झालेल्या केसातून लवकर उतरतो. आधी तांबूस रंगाचा थर देऊन केस भरून घ्यायचा असतो, मग गडद तपकिरी. मी ती पायरी गाळली. काळा उतरला, पुन्हा लावला, पुन्हा उतरला. शेवटी मानेवरचे केस टोकाशी तुटू लागले आणि खालचा थर बराच आखूड कापावा लागला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, पण तिच्या केसांची लांबी त्याने परत येणार नव्हती.

वास्तविक, नुसतं थांबलो असतो तरी बरंचसं काम झालं असतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन-चार महिन्यांत मानेशी बोटभर काळा केस आला असता, वर ओढल्यावर तोच आधी दिसला असता आणि रंग अंबाड्याच्या आत गेला असता. वरच्या थराला रंगच नसल्यामुळे भांगातही काळ्या मुळांची रेघ दिसत नाही. वाढताना सांभाळावी लागतात ती टोकं. वरचे केस लेयरमध्ये कापलेले असतील तर खालचा रंग टोकांशी डोकावतो, म्हणून रंग संपेपर्यंत वरचा थर एकसारख्या लांबीचा ठेवावा लागतो. लांब केसांत रंग पूर्ण कापून जायला दोन-अडीच वर्षं लागतात.

तेव्हापासून ब्लीच कालवण्याआधी मी येणाऱ्या मुलीला आरशासमोर कामावरचा अंबाडा घालायला लावते आणि त्यातून जे केस बाहेर दिसतात, त्यांना रंग लावत नाही. तुम्ही असा रंग करायला जाल, तेव्हा केस रोजच्यासारखे बांधूनच जा, आणि रंग फिका झाल्यावर कोणता दिसेल हे खुर्चीत बसण्याआधी विचारा.